आक्काचे दात आणि दोनदा कापलेला हप्ता

...तर दात तयार होऊन डॉक्टरच्या कपाटात पडले होते, इथपर्यंत काल आलो होतो. वरची कवळी, खालची कवळी, दोन्ही एका निळ्या डबीत, डबीवर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर आक्काचं नाव. आणि आक्का घरात बसून केळं चमच्याने कुस्करत होती आणि जगातल्या यच्चयावत विमा कंपन्यांचा उद्धार करत होती. दात नसले म्हणून जिभेचं काही अडत नाही. उलट मधली भिंत पडल्यावर वारं मोकळं सुटतं तसं झालं होतं.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागून सांगतो. आमचा एक किल्लीवाला आहे. माझ्याच शाळेतला, माझ्याहून चार वर्गांनी मागे. मास्तरांनी पेटीची किल्ली हरवली की ह्याला बोलवायचे, आणि हा तारेच्या तुकड्याने पेटी उघडायचा. मग मास्तर आधी शाबासकी द्यायचे आणि नंतर, कुठे शिकलास रे हे, म्हणून कानही पिळायचे. शिक्षण सातवीपर्यंत. पुढे बत्तीस वर्षं एका जिन्याखालच्या कोनाड्यात बसून किल्ल्या घासल्या. कोनाडा एवढा की उभं राहायचं तर बाहेर यावं लागतं. आत एक किल्ली कापायचं मशीन, कानशींचा डबा, भिंतभर खिळ्यांना टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या, आणि एक स्टूल, त्यावर गिऱ्हाईक बसतं किंवा मी.

लग्नाचं कुलूप काही त्याच्याकडून उघडलं नाही. घरी थोरली बहीण. तिला सगळी गल्लीच आक्का म्हणते. नवरा लवकर गेला, मग तीस वर्षं लाँड्रीत उभं राहून दुसऱ्यांच्या सदऱ्यांना इस्त्री केली. सुरकुती आणि खोटं बोलणं या दोन गोष्टी तिला सहन होत नाहीत.

आता या माणसाची एक पद्धत सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. कुणी आलं, म्हणालं घराची किल्ली आत राहिली, चला कुलूप उघडून द्या, तर हा हत्यारांची पिशवी उचलायच्या आधी एक प्रश्न विचारतो. दार उघडलं की डाव्या हाताला काय आहे? ज्याचं घर आहे तो पटकन सांगतो. चपलांचा स्टँड आहे, मोडलेली सायकल आहे, काहीतरी. ज्याचं नाही तो छताकडे बघतो. एकदा एक चांगला कोटबीट घातलेला गृहस्थ म्हणाला, डाव्या हाताला भिंत आहे. हा म्हणाला, भिंत तर सगळ्यांच्याच डाव्या हाताला असते साहेब, तुम्ही पुढे व्हा. तो जो पुढे झाला तो परत दिसला नाही.

दुसरी पद्धत. भाडेकरू बदलला, घरमालकाने नवी किल्ली करायला आणली, की हा आधी जुनी मागतो. जुनी किल्ली गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत पकडीत धरून दोन तुकडे करतो, आणि मगच नवी हातात देतो. लोक हसतात. हा म्हणतो, नवी किल्ली केल्याने घर सुरक्षित होत नाही, जुनी मोडल्याने होतं. हे वाक्य मी किमान चारशे वेळा ऐकलं असेल. एवढं शहाणपण जवळ असलेला माणूस पुढे काय करून बसला, ते आता ऐका.

नऊ वर्षांपूर्वी त्याने आयुष्याचा विमा काढला. कुणासाठी, तर आक्कासाठी. आपण आधी गेलो तर म्हातारीला कुणापुढे हात पसरायला लागू नये. वर्षाला एकदा हप्ता, अठरा हजार सहाशे चाळीस. एजंटाने तेव्हाच बँकेचा एक फॉर्म भरून घेतला होता, की दरवर्षी पाच तारखेला कंपनीने मागितलं की बँकेने आपोआप द्यायचं. त्याला मँडेट म्हणतात. नऊ वर्षं ते पैसे असे बिनबोभाट जायचे की हा ते विसरूनच गेला. आपोआप होणाऱ्या गोष्टींचा हाच तर घात असतो, केस पांढरे होतात तेही आपोआपच.

एजंट निवृत्त झाला, मुलाकडे राहायला गेला. मग कंपनीचे मेसेज सुरू झाले. वाढदिवसाच्या शुभेच्छा तीनदा आल्या, त्यातल्या दोन चुकीच्या तारखेला. मग एक आला: ऑटोपे सुरू करा, हप्त्याची चिंता विसरा. आमच्या किल्लीवाल्याला वाटलं, एजंट गेला, आता आपलं आपणच बघायला हवं. स्टुलावर बसून, चष्मा कपाळावरून खाली घेऊन, त्याने मोबाइलवर स्वतःच्या बोटाने ऑटोपे चालू केला, पिन टाकला, आणि मला दाखवला. काय अभिमान! जणू तिजोरी उघडली. मीही मान डोलावली. मला त्यातलं काय कळतंय, पण मित्र खूश असला की मान डोलवावी.

पाच तारीख जवळ आली तसा कंपनीचा मेसेज आला, तुमच्या खात्यातून इतके इतके कापले जातील. संध्याकाळी पुन्हा तोच मेसेज. खालचा परवानगीचा नंबर वेगळा होता, पण तो कोण वाचतो? याने विचार केला, शुभेच्छा तीनदा पाठवणारी कंपनी आहे, हाही दोनदा पाठवला असेल. पाच तारखेला बँकेच्या जुन्या मँडेटने अठरा हजार सहाशे चाळीस गेले. सहा तारखेला मोबाइलवरच्या नव्या ऑटोपेने आणखी अठरा हजार सहाशे चाळीस गेले. खात्यात उरले सहाशे वीस.

आता आक्काच्या दातांचा हिशोब. दोन्ही कवळ्यांचे चोवीस हजार. सहा हजार माप घ्यायच्या वेळी दिले होते. उरलेले अठरा हजार याने वर्षभर किल्ली किल्ली करून साठवले होते, आणि ते त्याच खात्यात होते. आठ तारखेला दात बसवायचे ठरले होते. म्हणजे जो विमा आपण गेल्यावर आक्काच्या तोंडात घास जावा म्हणून काढला, त्याच विम्याने आपल्या जिवंतपणी तिच्या तोंडचा घास अडवला. असा उफराटा कारभार फक्त मोठ्या कंपन्यांनाच जमतो, तुमच्याआमच्यासारख्यांना एवढी अक्कल कुठली.

दातांचा डॉक्टर चांगला माणूस. म्हणाला, आजी, घेऊन जा, पैसे सावकाश द्या. आक्का खुर्चीवरून उठून उभी राहिली. म्हणाली, "उधारीचे दात तोंडात घालून मी कुणाला काय बोलणार? एकेका शब्दाला वाटेल, हा डॉक्टरचा आहे." आणि चालू लागली. डॉक्टरने डबी कपाटात ठेवली. मी दिले असते पैसे, पण मी तोंड उघडायच्या आधीच तिने माझ्याकडे असं बघितलं की माझेच दात मला परत करावेसे वाटले.

मग सुरू झाली वारसदाराची नव्हे, हयात माणसाची धावपळ. पहिला दिवस फोनवर गेला. एक दाबा, चार दाबा, पुन्हा एक दाबा. तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, असं पस्तीस मिनिटं सांगत होते. एवढा महत्त्वाचा होता तर कुणीतरी उचलायचा होता. शेवटी एक मुलगी बोलली. तिने याची जन्मतारीख विचारली, आईचं नाव विचारलं, वारसाचं नाव विचारलं, मागच्या वर्षीचा हप्ता विचारला. याला ते मनापासून आवडलं. म्हणाला, बघ, डाव्या हाताला काय आहे ते नीट विचारतात. सगळं बरोबर सांगितल्यावर ती म्हणाली, धन्यवाद, तुमची ओळख पटली, पण तुमच्या पॉलिसीवर एकच हप्ता दिसतोय. हा म्हणाला, खात्यातून दोन गेलेत. ती म्हणाली, आमच्याकडे एकच दिसतोय. हा फोन ठेवून म्हणाला, "एवढे प्रश्न विचारून मी निदान दार तरी उघडतो."

दुसऱ्या दिवशी बँकेत. मीही गेलो, मला घरात काम नव्हतं. खिडकीतल्या क्लार्कने पासबुक मशीनमध्ये घालून छापून दिलं. दोन ओळी, एकाखाली एक, सारखीच रक्कम, सारखंच कंपनीचं नाव, व्यवहारांचे आकडे मात्र वेगळे. याने विचारलं, मग सहा तारखेचे परत आणा की. क्लार्क म्हणाला, मी कसे आणू? दोन्ही परवानग्या तुमच्या आहेत. ही नऊ वर्षांपूर्वी तुम्ही सही करून दिलीत, ही गेल्या महिन्यात पिन टाकून दिलीत. बँकेने दोन्ही पाळल्या. बँकेला काय माहीत तुम्हाला दोन पॉलिसी आहेत की एक? आणि चुकून पाच तारखेचे परत आणले गेले तर पॉलिसीचा हप्ताच थकेल, मग बसा. कंपनीला विचारा, त्यांनी कुठले पैसे पॉलिसीला लावले आणि कुठले बाजूला ठेवले.

बोलणं बरोबर होतं, आणि बरोबर बोलणाऱ्या माणसाचा राग फार येतो. घरी आल्यावर हा हत्यारं पुसत बसला. आक्काने दोनदा विचारलं, मग तिसऱ्यांदा चमचा ताटलीत आपटला. तेव्हा याने सगळं सांगितलं. जुनी परवानगी चालू होती, मी नवी दिली, जुनी बंद केली नाही.

आक्काने चमचा बाजूला ठेवला. मग म्हणाली, "आणि दिवसभर गिऱ्हाइकांना काय सांगत बसतोस?"

याने चष्मा काढून पुसायला घेतला.

"सांग ना. नवी किल्ली देताना जुनीचं काय करायचं असतं?"

"मोडायची."

"मग? कंपनीकडे आपल्या घराच्या दोन किल्ल्या. एकीने आले, दुसरीने पण आले. चोराला तरी एवढी सोय कुणी करून देत नाही."

"चूक झाली म्हटलं ना."

"तुझी चूक झाली ती वेगळी. दोनदा आल्यावर त्यांना कळू नये? एका पॉलिसीचे दोन हप्ते घेताना त्यांचा हात अडला नाही? आणि आता म्हणे एकच दिसतोय. दुसरा दिसत नाही तर तो गेला कुठे, त्यांच्या आजीच्या ट्रंकेत?"

भाऊ चुकला असं तिने तोंडावर सांगितलं, आणि लगेच दुसऱ्या दमात कंपनीलाही धरलं. दोघांना वेगवेगळं मोजलं. म्हणून मी तिला मानतो.

आता पत्र लिहायला हवं, हे सगळ्यांच्या मुखी आलं, आणि तिथेच आमचे हेडक्लार्क घुसले. हे शेजारचे. सरकारी खात्यातून निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, पण अजून घरी बायकोला चहासाठी अर्ज करतात म्हणे, उलटटपाली कळवावे असा. ते म्हणाले, पत्र मी लिहितो, पत्र म्हणजे शास्त्र आहे. दोन पानं लिहिली. उपरोक्त विषयास अनुसरून, खाली सही करणार याद्वारे आपल्या निदर्शनास आणू इच्छितो की, ग्राहकराजाच्या विश्वासाला तडा, घोर अन्याय, कायदेशीर कारवाईचे सर्व हक्क राखून. पहिल्या पानावर कंपनीला शरम वाटावी अशी वाक्यं, दुसऱ्या पानावर त्यांना झोप येऊ नये अशी. वाचून दाखवलं तेव्हा मलाच थोडी भीती वाटली. रजिस्टर पोस्टाने गेलं.

आठ दिवसांनी उत्तर आलं. आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. कृपया आपला पॉलिसी क्रमांक कळवावा.

दोन पानांत पॉलिसी क्रमांक नव्हता. तारखा नव्हत्या. किती रक्कम ते नव्हतं. पैसे कुठल्या खात्यात परत हवेत तेही नव्हतं. पैसे परत हवेत हे वाक्यसुद्धा, आम्ही शोध शोध शोधलं, सापडलं नाही. अर्थ तसा निघत होता म्हणे. हेडक्लार्क म्हणाले, हे प्राथमिक पत्र होतं, वातावरणनिर्मिती. आक्का म्हणाली, "वातावरण छान झालंय. आता त्यात मी काय चावू?"

तोवर बारा दिवस झाले होते. आक्का सूप आणि शिजवून लगदा केलेल्या भाज्यांवर होती. गालफडं आत गेली होती. समोरच्या घरात कुणी टोस्ट खाल्ला तरी हिला आवाज येई आणि ती खिडकी लावून घेई. दातांच्या डॉक्टरने निरोप पाठवला, की माप घेऊन फार दिवस झाले तर हिरड्या बदलतात, मग कवळी नीट बसत नाही, पुन्हा माप घ्यावं लागेल, पुन्हा खर्च. महिनाअखेरपर्यंत बसवलेलं बरं. किल्लीवाल्याने तो निरोप ऐकला आणि दुकान दुपारीच बंद केलं. बत्तीस वर्षांत मी हे तीनदा बघितलंय.

गेला थेट कंपनीच्या शाखेत. काचेचं दार, आत थंडगार, भिंतीवर एक हसणारं कुटुंब. त्या चित्रातल्या सगळ्यांना बत्तीसच्या बत्तीस दात, हे याने आल्यावर मला मुद्दाम सांगितलं. टोकन घेऊन बसला. काउंटरवर एक बाई होत्या. एवढ्या कारभारात एक माणूस सापडला तो तिथे. त्यांनी पासबुकातल्या दोन ओळी बघितल्या, दुसरा आकडा कॉम्प्युटरवर टाकला आणि म्हणाल्या, काका, हे बघा, पाच तारखेचे पैसे हप्त्याला लागलेत. सहा तारखेचे आलेत आमच्याकडे, पण ते कशाला लावायचे ते सिस्टिमला कळलं नाही, म्हणून ते एका वेगळ्या खात्यात नुसते पडून आहेत. तुमच्या पॉलिसीवर दिसणार नाहीत.

हा म्हणाला, म्हणजे तुमच्याकडे आहेत, पण तुम्हाला दिसत नाहीत.

बाई म्हणाल्या, तसंच काहीसं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "काका, मोठं पत्र देऊ नका, कुणी वाचत नाही. एका कागदावर लिहा. पॉलिसी नंबर, दोन तारखा, दोन व्यवहारांचे आकडे, कुठली रक्कम परत हवी, कुठल्या खात्यात. पासबुकाची झेरॉक्स लावा, एक रद्द केलेला चेक लावा. वर तक्रार अधिकारी म्हणून घाला. मी शिक्का मारून पोच देते. आणि पोच हरवू नका, नाहीतर मीपण तुम्हाला ओळखणार नाही."

तिथल्या तिथे, खुर्चीवर बसून, मांडीवर पिशवी ठेवून त्याने पत्र लिहिलं. त्याची नक्कल माझ्याकडे आहे. आख्खं पत्र एवढंच:

"तक्रार अधिकारी यांस. माझ्या पॉलिसीचा क्रमांक वर लिहिला आहे. या वर्षी एकच हप्ता होता, रुपये अठरा हजार सहाशे चाळीस. तो पाच तारखेला बँकेच्या मँडेटने गेला, तो बरोबर आहे, त्याची पावती मिळाली. सहा तारखेला मोबाइलच्या ऑटोपेने तेवढेच पुन्हा गेले. ते जास्तीचे आहेत. दोन्ही व्यवहारांचे आकडे खाली आहेत. जास्तीची रक्कम ज्या खात्यातून गेली त्याच खात्यात परत करावी. पासबुकाची प्रत आणि रद्द चेक सोबत आहे. पॉलिसी चालू ठेवायची आहे, ती बंद करू नये."

बाईंनी वाचलं, शेवटच्या ओळीखाली बोट ठेवून म्हणाल्या, हे चांगलं लिहिलंत, नाहीतर वर कुणीतरी पैसे परत म्हणजे पॉलिसी परत असं समजतं. शिक्का मारला. घरी येऊन त्याने मोबाइल काढला आणि नवा ऑटोपे बंद केला. पिन मागितला, दिला. बंद झाला अशी पाटी आली, ती मला दाखवली, आक्काला दाखवली. आक्का म्हणाली, पकडीत धरून मोड, मग विश्वास ठेवते.

हेडक्लार्कांना ते पत्र दाखवलं. त्यांनी ते हातात असं धरलं की जसं मेलेलं झुरळ. यात विनंती नाही, निषेध नाही, आपला विश्वासू नाही, याला पत्र म्हणत नाहीत, याला यादी म्हणतात. आता त्यांची दोन पानं कंपनीत कुणीतरी खिडकीच्या फटीत कोंबली असतील वारा येऊ नये म्हणून, पण शास्त्राचा अभिमान काही कमी झाला नाही.

सहा दिवसांनी कंपनीचं पत्र. चकचकीत कागद, वर तेच हसणारं कुटुंब. मी ते पत्र तीनदा वाचलं, कारण पहिल्या दोन वेळी मला वाटलं आपल्यालाच नीट वाचता येत नाही. लिहिलं होतं, की आपली अतिरिक्त रक्कम आम्हास प्राप्त झाल्याचे आढळले आहे. बघा, आढळले! जणू रस्त्यात पडलेली सापडली. आणि आपल्या सोयीसाठी ती पुढील वर्षाच्या हप्त्यापोटी आगाऊ जमा म्हणून राखून ठेवण्यात येत आहे, जेणेकरून पुढील वर्षी आपणांस हप्त्याची चिंता राहणार नाही. याबाबत आपली हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावे, अन्यथा आपली संमती गृहीत धरली जाईल. आपल्या दीर्घायुष्यासाठी सदैव तत्पर.

आपल्या सोयीसाठी! कुणी तुमचा सदरा काढून घ्यावा आणि म्हणावं, थंडी पुढच्या वर्षी जास्त पडणार आहे, तेव्हा देऊ. शिवाय व्याज नाही, बरं का. यांचा हप्ता एक दिवस उशीर झाला तर दंड, आणि आपले पैसे वर्षभर यांच्याकडे राहिले तर ती आपली सोय.

मी म्हटलं आता हा चिडणार. हेडक्लार्क बाही सरसावून आलेच, चार पानांची तयारी होती, पहिला शब्द धिक्कार. पण किल्लीवाला चिडला नाही. त्याने ते पत्र उलटंसुलटं करून बघितलं, नवीन कुलूप आलं की बघतो तसं, कुठे भोक आहे, आत किती पाती आहेत. मग म्हणाला, याच्यात एक जागा सैल आहे. कुठली, विचारलं तर सांगेना. हेडक्लार्कांना म्हणाला, साहेब, तुम्ही चहा घ्या. आणि दुकानाच्या फळीवर कागद ठेवून दहा मिनिटांत लिहिलं. आक्काला वाचून दाखवलं. ती हसली, तोंडावर पदर न घेता, दात नसताना, आणि गेल्या वीस दिवसांत ती हसलेली मी पहिल्यांदा बघितली. म्हणाली, पाठव. एकही शब्द बदलू नकोस, आणि त्या शेजारच्याला हात लावू देऊ नकोस.

पैसे आले का, हे तुम्ही विचारणार, म्हणून आधीच सांगतो. आले. शाखेतल्या बाईंनी ते पत्र वाचून म्हणे उठून आत साहेबांच्या टेबलावर स्वतः नेऊन ठेवलं. पाचव्या दिवशी अठरा हजार सहाशे चाळीस खात्यात. महिना संपायला दोन दिवस होते. अठरा हजार मोजून घेऊन आक्का डॉक्टरकडे गेली, डबी उघडली, दात बसले. खालची कवळी एका बाजूला जराशी टोचत होती, ती डॉक्टरने घासून दिली. परत येताना तिने कोपऱ्यावर एक सफरचंद घेतलं, न चिरता, आणि हेडक्लार्कांच्या दारासमोर उभी राहून चावलं. आवाज मी माझ्या ओट्यावर ऐकला.

आता ते उत्तर. नक्कल वाचतो, माझं एक अक्षर त्यात नाही:

"तक्रार अधिकारी यांस. तुमचे पत्र मिळाले. माझी हरकत आहे. दोन परवानग्या चालू राहिल्या ही माझी चूक होती, ती मी मान्य करतो. नवी मी बंद केली आहे, जुनी चालू आहे, पुढच्या वर्षीचा हप्ता पुढच्या वर्षी पाच तारखेला तिनेच जाईल. त्याची चिंता तुम्ही करू नये. जास्त आलेले पैसे ठेवून घेणे ही तुमची चूक आहे, ती तुम्ही मान्य करा. माझ्याकडे गिऱ्हाईक चुकून दोन किल्ल्यांचे पैसे देऊन गेले तर मी ते त्याच्या पुढच्या कुलपासाठी ठेवत नाही, चप्पल न घालता मागे पळतो. तुम्ही लिहिता की पुढच्या वर्षी मला सोय होईल. म्हणजे पुढच्या वर्षी मी असेन असे तुम्हाला नक्की माहीत आहे. तसे माहीत असेल तर मला सही शिक्क्यासह लिहून द्या, मी पैसे तुमच्याकडेच ठेवतो आणि विमाही बंद करतो, कारण मग मला त्याची गरज नाही. माहीत नसेल तर माझे पैसे आत्ता परत करा, कारण माझ्या बहिणीला आत्ता जेवायचे आहे."